बाईलची बंद बाटली

त्या रजिस्टरात चौदा एप्रिलच्या ओळीपुढं जे 'आ.' हाय, ते माझं न्हाई. माझ्या नावाचं हाय, पण माझ्या हातचं न्हाई. हे मी आतापर्यंत दोघांना सांगितलं. एकानं लेखी घेतलं, आन् दुसरीनं जे विचारलं त्याचं उत्तर तवा माझ्याजवळ नव्हतं. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. मधी कुणी 'हो, पण' म्हणू नका. माझं डोकं आधीच तापलंय.

मी आम्रपाली. बीड जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन हाय. दवाखान्याचं नाव सांगत न्हाई, सांगून कुणाचं भलं व्हायचंय? लॅबच्या मागच्या खोलीत आमचा कल्चरचा विभाग. तिथं रक्तातले, थुंकीतले, पाठीच्या मणक्यातल्या पाण्यातले जंतू वाढवायचे आन् ओळखायचे. खोलीत माणसं दोनच, मी आन् रोहिणी. वर सही करायला डॉक्टर अमरसिंह. सर हुशार हायत, पण त्यांच्याकडं तीन दवाखान्यांचं काम, म्हणून आमी लिहिलेलं ते वाचून सही करतात. आमी लिहिलं तेच खरं.

रोहिणीची आन् माझी चौदा वर्षांची संगत. तिचं माहेर दिंद्रुडचं, घरी शेतीवाडी, दारात ट्रॅक्टर. मी परळीकडची, वडील शाळेत शिपाई. असं असून चौदा वर्षं आमी एका डब्यात जेवलो. तिच्या पहिल्या बाळंतपणात तिच्या सासूच्या आधी मी दवाखान्यात होते. माझी आई गेली तवा हिनं तीन दिवस माझ्या घरी चूल सांभाळली. लोक म्हणायचे, ह्या दोघी म्हणजे एक जीव. मला लई बरं वाटायचं ते ऐकून. येडी होते, दुसरं काय.

आता आमची एक खोड सांगते, कारण सगळं तिथंच अडकलंय. सुट्टीच्या दिवशी एकीची ड्युटी असायची. कुणाला लग्न, कुणाला नवस, कुणाचं पोरगं आजारी. मग दुसरीनं जायचं आन् पहिलीच्या नावानं सही करायची. हजेरीत पण आन् रजिस्टरात पण. ती 'आ.' लिहायची, मी 'रो.' लिहायची. सुट्टीचा अर्ज न्हाई, कुणाच्या विनवण्या न्हाईत. दोघींचं काम दोघींच्यात. चौदा वर्षांत कधी कुणाला कळलं न्हाई, आन् कधी काही बिघडलं पण न्हाई.

आता जंतूचं सांगते. घाबरू नका, सोपं हाय.

न्यूमोकोकस नावाचा जंतू हाय. न्यूमोनिया करतो, रक्तात शिरतो, आन् मेंदूच्या आवरणापर्यंत गेला तर माणूस मारतो, न्हाईतर बहिरं करून सोडतो. त्याचाच एक चुलतभाऊ हाय, व्हिरिडन्स. तो आपल्या सगळ्यांच्या तोंडात राहतो, रक्त काढताना कातडीवरनं पण कधी बाटलीत येतो, आन् बहुतेक वेळा तसाच निरुपद्रवी निघतो. घोळ असा की रक्ताच्या प्लेटवर वाढवले की दोघंबी सारखेच दिसतात. बारीक बारीक ठिपके आन् भोवती हिरवट डाग. नुसत्या डोळ्यानं बघून सांगायला गेलात तर फसलातच.

म्हणून दोन तपासण्या. पहिली ऑप्टोचिनची. औषध लावलेली कागदाची टिकली प्लेटवर ठेवायची, प्लेट काचेच्या बरणीत घालायची, मेणबत्ती पेटवून झाकण लावायचं. मेणबत्ती आपोआप विझते आन् बरणीतली हवा त्या जंतूला मानवेल अशी होते. दुसऱ्या दिवशी बघायचं. न्यूमोकोकस असला तर टिकलीभोवती वाढत न्हाई, मोकळं रिंगण पडतं. पट्टीनं मोजायचं. चौदा मिलिमीटर आन् वर असलं तर न्यूमोकोकस. अजिबात रिंगण न्हाई, तर व्हिरिडन्स. आन् मधलं काही आलं, दहा, बारा, तर तोंड मिटायचं आन् दुसरी तपासणी करायची.

दुसरी म्हणजे बाईलची. बाईल म्हणजे पित्त. पित्तातल्या मिठाचं पाणी करून ठेवतो आमी. मिठाच्या साध्या पाण्यात जंतू कालवायचे, ताकाच्या निवळीगत गढूळ झालं पाहिजे. ते दोन नळ्यांत वाटायचं. एकीत बाईल घालायचं, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी, आन् दोन्ही ऊबेला ठेवायच्या. न्यूमोकोकस असेल तर बाईलच्या नळीतलं पाणी निवळतं. कधी दहा मिनिटांत, लई झालं तर दोन तासांत. बाईल काही त्याला मारत न्हाई बरं का. त्या जंतूच्या पोटातच त्याची भिंत फोडणारं एक रसायन असतं, बाईल फक्त त्याला जागं करतं. आपल्याच घरातल्यानं आपलं घर पाडावं तसं. व्हिरिडन्सजवळ ते न्हाई, म्हणून तो गढूळ तो गढूळच.

एवढीशी तपासणी. आपलं दुपारचं जेवण होतं तेवढ्यात होते.

मार्चमधी दोन दिवस फ्रिज बंद पडला होता. टिकल्या त्यातच होत्या. मला शंका आली म्हणून आमच्याकडं ठेवलेल्या, ओळख पटलेल्या न्यूमोकोकसवर टिकली लावून बघितली. एरवी अठराचं रिंगण पडायचं, ह्या वेळी बारा. म्हणजे टिकलीतला दमच गेला होता. नव्या टिकल्या मागवल्या, त्या येईपर्यंत मी फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरात कागद लावला : "टिकलीवर भरोसा ठेवू नये. प्रत्येक वेळी बाईल करावे." रोहिणी कागद वाचून हसली. म्हणाली, "बाई गं, तू तर फर्मानच काढलंस." मी म्हणाले, "हो, आन् मोडलंस तर तुझी खैर न्हाई." दोघी हसलो.

बाईलचं पाणी पण संपत आलं होतं. बारा एप्रिलला, शनिवारी, मी नवीन करून बाटलीत भरलं. जुन्यातला थेंब न्हाई ठेवला. झाकणावर पांढरी चिकटपट्टी फिरवली आन् पट्टीवर झाकणापासनं बाटलीपर्यंत तारीख आन् माझं नाव लिहिलं. माझी सवय हाय ती. बाटली कधी उघडली हे कळलं पाहिजे.

त्याच शनिवारी एक पोरगी दाखल झाली. स्वप्नाली, सात वर्षांची, शिरूर कासारकडची. आई ताराबाई. घरची सगळी ऊसतोडीला गेलती, नुकतीच परत आलती. पोरीला ताप, छातीत न्यूमोनिया, श्वास घेताना नाकपुड्या उडत होत्या. रक्त आमच्याकडं आलं.

रविवारी माझी ड्युटी. पोरीच्या रक्ताची बाटली गढूळ झालेली. काचेवर थेंब घेऊन रंगवला आन् सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जांभळ्या रंगाच्या जोड्या. दोन दोन दाणे, बाहेरची टोकं जरा निमुळती. वॉर्डात फोन करून सांगितलं, जोडीनं दिसतायत, इंजेक्शन बंद करू नका. प्लेट केली, टिकली ठेवली, मेणबत्ती लावली.

दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल. ड्युटी रोस्टरवर माझीच. पण चौदा एप्रिल म्हणजे आमच्यासाठी काय हाय हे काय सांगायचं! माझ्या भाच्याचं पहिलंच भाषण होतं जयंतीत, भाऊ आठ दिवस मागं लागला होता. रोहिणीच म्हणाली, "तू जा गं. माझं काय, दुपारी दिंद्रुडला हळदीला जायचंय, त्याच्या आधी उरकून टाकते."

मी तिला बरणीजवळ नेलं आन् प्लेट दाखवली. म्हणाले, "ह्याच्यावर बाईल करच. बाकीच्यांचं मागं पुढं झालं तर होऊ दे, पण हे कर. जोड्या दिसल्यात मला."

"करते गं, माझे आई."

त्या दिवशी अकराच्या सुमाराला मी मिरवणुकीत होते. ढोल चालू, निळा गुलाल, भाचा नव्या सदऱ्यात. तरी माझा जीव त्या बरणीत. मी बाजूला जाऊन फोन लावला.

"रोहिणे, त्या पोरीचं काय झालं?"

"रिंगण बाराचं."

"आन् बाईल?"

"केलं. न्हाई विरघळलं. व्हिरिडन्स हाय. नाच आता निवांत."

ऐकलं ना? मी विचारलं. मी स्पष्ट विचारलं, आन् तिनं स्पष्ट सांगितलं. मला जोड्या दिसल्या होत्या, तरी मी म्हणाले की आपलीच नजर चुकली असंल. चौदा वर्षांची माझी नजर मी तिच्या एका शब्दावर मोडीत काढली. आन् नाचले पण. खोटं कशाला सांगू, लई नाचले.

रिपोर्ट गेला : व्हिरिडन्स, बहुधा रक्त काढताना आलेला. सरांनी सही केली. पोरीचा ताप उतरला होता, दुसऱ्या पेशंटला खाट हवी होती. मंगळवारी वॉर्डच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं थांबवली, तोंडानं घ्यायचं औषध दिलं आन् घरी पाठवलं. ते औषध ताराबाईच्या पोरीनं दोन दिवसांत ओकून टाकलं.

पुढच्या रविवारी, वीस तारखेला, ती परत आली. झटके येत होते. मान लाकडासारखी ताठ.

मणक्यातलं पाणी माझ्याकडं आलं. निर्मळ असतं ते, हे दुधाळ होतं. काच रंगवली. त्याच जोड्या. त्याच. मी वॉर्डात पळतच गेले. इंजेक्शनं सुरू होतीच, मी जाऊन सांगितलं की न्यूमोकोकस दिसतोय, डोस मेंदूज्वराचा ठेवा. मग खाली येऊन प्लेट केली. नव्या टिकल्या सतरा तारखेला आल्या होत्या. सोमवारी सकाळी झाकण उघडलं, रिंगण एकोणीसचं. ठिपके मधून दबलेले, कॅरमच्या सोंगटीगत.

टिकलीनंच सांगितलं होतं, तरी फर्मान माझंच, म्हणून बाईल करायला कपाटातनं बाटली काढली.

चिकटपट्टी तशीच होती.

बारा एप्रिल. आम्रपाली. झाकणापासनं बाटलीपर्यंत, अक्षराचा कानासुद्धा मोडलेला न्हाई.

पहिल्यांदा वाटलं, दुसरी बाटली असंल. सगळी कपाटं उघडली, फ्रिज बघितला, धुवायच्या भांड्यांत हात घातला. दुसरी कुठनं असणार? मीच तर संपवली होती. मग रजिस्टर काढलं. चौदा एप्रिल, स्वप्नाली. ऑप्टोचिन : रेझिस्टंट, म्हणजे टिकलीला दाद दिली न्हाई. बाईल : विरघळले न्हाई. तपासणी करणार : आ.

न उघडलेल्या बाटलीतलं बाईल घालून केलेली तपासणी. वा रे वा.

पट्टी मी उघडली न्हाई. शेजारच्या लॅबमधनं जरासं बाईल मागून आणलं आन् दोन नळ्या लावल्या. आठव्या मिनिटाला एक नळी पाण्यासारखी निवळली, दुसरी गढूळच. मी रडले न्हाई. रोहिणी आली तवा मी तिला खुर्चीवर बसवलं. रविवार तेराची ती जुनी काच पेटीत जपून ठेवलेली होती, ती सूक्ष्मदर्शकावर लावली आन् म्हणाले, "बघ."

तिनं बघितलं. लई वेळ बघितलं. तिचा हात बाजूच्या चाकावर होता, तो हलेना.

"जोड्या हायत," ती म्हणाली.

मी बाटली तिच्यापुढं ठेवली. तिनं पट्टीवरची तारीख वाचली.

"रोहिणे, तू मला फोनवर सांगितलंस केलं म्हणून."

"ते हळदीला..." ती म्हणाली. "गाडी दारात उभी होती गं. दहा वाजल्यापासनं हॉर्न वाजवत होते. बारा दिसलं, वाटलं व्हिरिडन्सच असणार. नेहमी तोच तर असतो."

"फर्मान?"

"आमू, चुकलं."

तिचे डोळे भरले. आन् मी, मी मूर्ख, तिचा हात धरला. म्हणाले, आपण दोघी सरांना सांगू. सहीचं पण सांगू. जे व्हायचं ते दोघींचं होईल. ती 'हो' म्हणाली. माझ्या पदरानंच तिनं डोळे पुसले.

दुपारी सरांनी बोलावलं. वॉर्डचे डॉक्टर पण होते, टेबलावर दोन्ही रिपोर्ट. एकाच पोरीचे, आठ दिवसांच्या अंतरानं, एकात व्हिरिडन्स, एकात न्यूमोकोकस. बाहेर ताराबाई भिंतीला टेकून बसली होती. दार उघडंच होतं.

सरांनी रजिस्टरवर बोट ठेवलं. "चौदा तारखेला कोण होतं?"

मी रोहिणीकडं बघितलं. म्हटलं, बोलंल आता. तीच सुरुवात करंल, चूक तिची हाय.

रोहिणीनं पदर सारखा केला आन् म्हणाली, "सर, माझी ड्युटी नव्हती. मी दिंद्रुडला हळदीला होते. रोस्टर बघा. हजेरी पण बघा."

सरांनी हजेरी बघितली. आम्रपाली, हजर, 'आ.'

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ती माझ्याकडं बघंना, खिडकीबाहेरच्या लिंबाकडं बघत होती. दोन तासांपूर्वी जे डोळे माझ्या पदराला पुसले, तेच डोळे.

"आम्रपाली?" सर म्हणाले.

मला सगळं बोलायचं होतं. पण सांगायचं काय? की मी तिथं नव्हते? मग हजेरीतली सही कुणाची? आन् तिनं माझी केली म्हटलं तर मी तिच्या किती केल्या? ज्या भरवशावर चौदा वर्षं निभावलं, त्याच भरवशानं मला तिथं उभं केलं होतं, आन् ती किती सहजपणे बाजूला सरकली!

"सर, मला उद्यापर्यंत वेळ द्या," मी एवढंच म्हणाले. सर म्हणाले, "लेखी द्या." मेमो माझ्या एकटीच्या नावानं निघाला.

जिन्यात मी तिला गाठलं. दंड धरला, जोरात धरला, सांगते खरं.

"का गं केलंस असं? सकाळी हो म्हणालीस!"

तिनं इकडं तिकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "माझी नोकरी गेली तर सासरचे मला उभं करणार न्हाईत, आमू. तुझं काय? तुमच्या लोकांना कोण हात लावतंय? उद्या मोर्चा काढाल, सगळे घाबरतील, मेमो फाडून टाकतील."

तुमच्या लोकांना.

चौदा वर्षं एका डब्यात. माझी भाकरी, तिचं ठेच्याचं वाटण. चौदा वर्षांत हा शब्द तिच्या तोंडात कधी आला न्हाई. म्हणजे होता आत कुठंतरी, झाकणाखाली, मी कधी उघडून बघितलं न्हाई. मी तिचा दंड सोडला. मारणार होते तिला, देवाशपथ, हात उठला होता. पण मला एकदम लई थकायला झालं.

संध्याकाळी वॉर्डात गेले. मला ताराबाईला सांगायचं होतं. सरांना काय वाटेल ते वाटू दे, पण ह्या बाईला मी चोर वाटू नये, एवढीच आस होती. बाई दिसायला बारीक, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे अजून दिसत होते. पोरगी शुद्धीवर आलती. ताप उतरत होता. खाटेवर बसून सलाईनच्या पट्टीचं टोक नखानं उकरत होती. मला लई बरं वाटलं.

मी ताराबाईजवळ बसले आन् सगळं सांगितलं. टिकली, रिंगण, बाटली, फोन. मी त्या दिवशी जयंतीत होते, मी न्हाई लिहिलं, माझ्या नावानं दुसरीनं लिहिलं, मी तिला बजावलं होतं.

तिनं सगळं ऐकलं. मधी काही विचारलं न्हाई. मग म्हणाली, "म्हंजी तुमी नव्हता."

"न्हाई."

"आन् ती बी न्हाई म्हणती."

"हो."

"मग मॅडम, माझ्या लेकराचं रगत त्या दिशी बघितलं कुणी?"



ताराबाई पोरीच्या मागच्या बाजूला गेली आन् हाक मारली, "सपना." पोरगी पट्टीच उकरत होती. ती जवळ वाकली, कानाशी तोंड नेलं, मोठ्यानं हाक मारली, "सपना!" शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकली. पोरीनं मान वळवली न्हाई. मग आईनं तिच्या हनुवटीला धरून तोंड माझ्याकडं फिरवलं आन् म्हणाली, "डाक्टर म्हणतेत, तपासू. पर मला ठावं हाय. सुदीवर आल्यापासनं तिला ऐकूच येईना."

पोरगी माझ्याकडं बघून हसली. तिला वाटलं, ही कुणी पाहुणी.

मी बाहेर आले. तवर मला फक्त माझा 'आ.' वाचवायचा होता. वॉर्डाच्या दारात उभी राहून मला कळलं की ते वाचवून काही व्हायचं न्हाई. त्या रकान्यात माझं नाव खोटं हाय, बरोबर. पण नसताना 'मी होते' अशी सही करायची सोय आमी दोघींनीच केली होती, आन् त्या सोयीमुळंच त्या दिवशी त्या खोलीत कागदावर एक बाई होती, प्लेटजवळ दुसरीच, आन् जबाबदार कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर लॅबमधी गेले. जुनी रजिस्टरं काढली आन् बसले. जिथं 'रो.' लिहिलंय पण हात माझा, तिथं खूण. जिथं 'आ.' लिहिलंय पण हात तिचा, तिथं खूण. अक्षर ओळखायला अवघड काय? तिचा 'आ' मी झोपेत ओळखीन. माझ्याच खुणा जास्ती निघाल्या. एकेचाळीस. तिच्या सदतीस. एकेका तारखेला मला आठवत गेलं, हे तिच्या पोराचं बारसं, ही माझ्या भावाची सोयरीक, हा तिचा ताप. आपण किती एकमेकींच्या होतो, हे त्या खुणांतच दिसत होतं. तवा मात्र मी रडले. मोठ्यानं रडले.

रोहिणी आली. टेबलावर रजिस्टरं, त्यावर खुणा, कागदावर दोघींची बेरीज, बाजूला बाटली, पट्टी तशीच. तिला एका नजरेत कळलं.

"येडी झालीस? आपल्या दोघींची जाईल."

"जाऊ दे."

"तुझी तर पहिली जाईल! एकेचाळीस!"

"मोजता येतं मला."

ती खुर्चीत बसली. "आमू, चौदा वर्षांचं काहीच न्हाई का गं?"

मी तिच्याकडं नीट बघितलं. तिच्यावर चिडायचं पण माझ्यात राहिलं नव्हतं. "त्या चौदा वर्षांसाठीच मी फोनवर तुझं खरं मानलं," मी म्हणाले. "मला जोड्या दिसल्या होत्या, रोहिणी. तरी तुझं मानलं. आता आणखी काय पाहिजे तुला?"

ती उठून गेली. डबा टेबलावरच विसरली. मी तो उघडला न्हाई.

लेखी जबाब मी दोन पानांचा लिहिला. फ्रिज, टिकल्या, कागद, फोन, बाटली, एकूण एक. 'तुमच्या लोकांना' हे मात्र लिहिलं न्हाई. ते जबाबात कुठल्या रकान्यात घालायचं मला कळलं न्हाई. ते माझ्याजवळच राहील.

सर जबाब वाचत होते तवा मी रजिस्टर त्यांच्यापुढं उघडलं, चौदा एप्रिल. खोडलं न्हाई, जुनं झाकलं न्हाई. शेजारच्या मोकळ्या जागेत लाल शाईनं आजची तारीख घातली, खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, आन् मधी दोनच ओळी लिहिल्या :

बाईल तपासणी : झालेली न्हाई.

तपासणी करणार : कुणीच न्हाई.